दोन वर्षांच्या मुलासाठी मराठी चित्रपुस्तक निवडताना

मराठीत लहान मुलांसाठी रंगीत पुस्तके भरपूर निघतात. मात्र एक ते तीन वर्षांच्या मुलांचा विचार करून तयार केलेली चित्रपुस्तके त्यात फार थोडी असतात. दुकानात ‘बाळासाठी काहीतरी दाखवा’ असे म्हटले की विक्रेता बहुतेक वेळा अंकलिपी काढून देतो, किंवा फळे, भाज्या, प्राणी, वाहने यांची जाड पुठ्ठ्याची पुस्तके समोर ठेवतो. या वस्तू निरुपयोगी नाहीत, पण त्यांना चित्रपुस्तक म्हणता येत नाही. अंकलिपी अक्षरओळखीचे साधन आहे आणि फळांचे पुस्तक हा चित्रांचा तक्ता आहे. चित्रपुस्तकात चित्र आणि मजकूर मिळून काहीतरी घडते. एक पान दुसऱ्या पानाकडे नेते आणि चित्रात असे काही असते जे शब्दांत सांगितलेले नसते. मांजर कुठे लपली हे मजकूर सांगत नाही, पण पलंगाखाली तिची शेपटी दिसते, आणि ती शेपटी मूल मोठ्या माणसाच्या आधी शोधून काढते.

असे पुस्तक शोधताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: ते मुलाच्या वयाला झेपेल का, छपाई आणि बांधणी कशी आहे, आणि ते कोणी काढले आहे. प्रकाशकाचे नाव दुकानात सर्वांत आधी दिसते. तरीही विचार वयापासून सुरू करणे चांगले, कारण उत्तम प्रकाशकाचे उत्तम पुस्तकसुद्धा दीड वर्षाच्या मुलाला निरर्थक असू शकते.

वयाच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो पुस्तकावर छापलेल्या पातळीमुळे. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर पातळी १, २, ३, ४ असे लिहिलेले असते. पहिल्या पातळीत ओळखीचे शब्द आणि छोटी वाक्ये असतात आणि सगळा मजकूर अडीचशे शब्दांच्या आत राहतो. ही पातळी स्वतः वाचू लागलेल्या मुलासाठी ठरवलेली आहे, म्हणजे साधारण पहिली-दुसरीतल्या मुलासाठी. ऐकणाऱ्या मुलाचे वय त्यावरून कळत नाही. त्यामुळे ‘आमचे बाळ अजून वाचत नाही, हे पुस्तक नंतर घेऊ’ म्हणणारे पालक आणि ‘पातळी १ आहे, म्हणजे अगदी लहानांसाठी’ असे समजून दहा महिन्यांच्या बाळापुढे कागदी पुस्तक ठेवणारे पालक, दोघेही त्या आकड्याचा चुकीचा अर्थ लावतात. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला पहिल्या पातळीची बरीच पुस्तके वाचून दाखवता येतात. कोणती ते मात्र आतली पाने पाहूनच ठरते.

एक ते तीन या दोन वर्षांत मूल इतके बदलते की हा एकच वयोगट मानणे चूक ठरते. नऊ महिन्यांचे बाळ पुस्तकातले चित्र बोटांनी उचलायला जाते. ज्यूडी डिलोच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हे नोंदवले आहे. दीड वर्षाच्या सुमारास तेच मूल चित्र पकडण्याऐवजी त्याच्याकडे बोट दाखवते. चित्र ही खरी वस्तू नसून तिची खूण आहे, हे त्याला एव्हाना उमगलेले असते. चित्रपुस्तकाचा खरा उपयोग इथून सुरू होतो. त्याआधीचे पुस्तक चावायला, आपटायला आणि उलटसुलट करायलाच लागते, म्हणून ते पुठ्ठ्याचे किंवा कापडाचे असलेले बरे.

वर्ष-सव्वा वर्षाचे मूल पुठ्ठ्याची पाने तीन-चार एकदम उलटते. दोन वर्षांच्या आसपास त्याला एकेक पान उलटता येऊ लागते, पण पातळ कागद अजून फाटतो. म्हणून दीड वर्षापर्यंत एका पानावर एकच ठळक चित्र आणि एखाददुसरा शब्द पुरे. दीड ते दोन वर्षांत एक साधी कृती चालते: बाळ आंघोळ करते, कुत्रा पळतो, आजी भाकरी थापते. दोन वर्षे उलटली की छोटी साखळी झेपते. कोणीतरी काहीतरी शोधते, दर पानावर नवे कोणी भेटते आणि शेवटच्या पानावर ते सापडते. दर पानावर तेच वाक्य थोड्या फरकाने येत राहिले तर अडीच वर्षांचे मूल चौथ्या-पाचव्या वाचनाला ते वाक्य स्वतः पुरे करते. रोज तेच पुस्तक मागणाऱ्या मुलाला पालक कंटाळतात, पण मुलाचे बरोबर असते. तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द असलेल्या गोष्टी वाचून दाखवल्या, तेव्हा वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यांनी जास्त शब्द लक्षात ठेवले, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आढळले. त्यामुळे दहा सामान्य पुस्तकांपेक्षा शंभर वेळा वाचता येतील अशी दोन पुस्तके घेणे फायद्याचे असते.

चित्र कसे असावे हा रुचीचा प्रश्न वाटतो, पण या वयात त्याची काही ठोस उत्तरे आहेत. दीड वर्षाच्या मुलाला पुस्तकात पाहिलेली वस्तू प्रत्यक्षात ओळखायची असते. छायाचित्र किंवा वास्तवाला धरून काढलेले रंगीत चित्र असेल तर ते ओळखणे सोपे जाते. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके असलेले कार्टून असेल तर अवघड जाते. याचा अर्थ लहानांच्या पुस्तकात फोटोच हवेत असा नाही. चिमणी चिमणीसारखी आणि कढई कढईसारखी दिसावी, एवढेच. मराठी घरातल्या मुलासाठी यात आणखी एक गोष्ट येते. बाजारातल्या पुष्कळ पुठ्ठ्याच्या पुस्तकांतली चित्रे परदेशी चित्रसंग्रहांतून विकत घेतलेली असतात. त्यांत लाल कौलांचे कोठार असते, धुराड्याचे घर असते आणि न्याहारीच्या ताटात पाव आणि बेकन असते. मुलाने ते पाहू नये असे नाही, पण पहिल्या पाच पुस्तकांत त्याला पोळपाट, स्टीलचा डबा, रिक्षा, दारातली चपलांची रांग आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसायला हवेत. ओळखीची वस्तू दिसली की दोन वर्षांचे मूल बोलू लागते. अशा बोलण्याला जागा देण्यासाठीच हे पुस्तक असते.

चित्रातली गर्दीही तपासावी. डाव्या पानावर एक आणि उजव्या पानावर दुसरे असे मोठे चित्र असेल, तर लहान मुलाला ऐकू येणारा शब्द कोणत्या चित्राचा हे कळत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात समोरासमोर दोन चित्रे असताना मुले कमी शब्द शिकली. वाचणाऱ्याने आधी योग्य पानाकडे हात दाखवला तेव्हा हा तोटा भरून निघाला. म्हणजे दाट चित्रांचे पुस्तक टाकून द्यायला नको, बोटाने दाखवत वाचले की पुरते. खिडक्या उघडणारी, ओढायच्या पट्ट्या असलेली, दाबले की आवाज करणारी पुस्तके मुलांना फार आवडतात. पण २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा पुस्तकांतून लहान मुले साध्या पुस्तकांपेक्षा कमी शिकली, कारण त्यांचे लक्ष पट्टीकडेच राहिले. खेळणे म्हणून असे एखादे पुस्तक घ्यायला हरकत नाही. त्यावर वाचनाचे पैसे मात्र घालवू नयेत. बॅटरी असलेले पुस्तक घेताना आयएसआय खूण पाहावी. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर ही खूण सक्तीची आहे. शिवाय बॅटरीच्या कप्प्याला स्क्रू आहे का हे बघावे. गोल चपटी बॅटरी मुलाने गिळली तर जिवावर बेतू शकते.

मजकुराची पारख दुकानातच होते. त्यासाठी पुस्तकाची दोन पाने मोठ्याने वाचावीत. दुकानदाराने पाहिले तरी चालेल, कारण डोळ्यांनी वाचताना न कळलेला दोष कानाला लगेच कळतो. मराठी लहानांच्या पुस्तकांत दोन प्रकारचे मजकूर आढळतात. एकात ‘पिल्लाने दूध प्यायले. ते झोपी गेले.’ असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यात ‘पिल्लू दूध प्यालं. झोपलं.’ असे. पहिले व्याकरणाच्या पुस्तकात शोभेल. दुसरे घरातल्या माणसाच्या तोंडून आल्यासारखे वाटते. दोन वर्षांच्या मुलाने ‘गेले, प्यायले, झोपले’ अशी रूपे घरात कधी ऐकलेली नसतात. ‘गेलं, प्यालं, झोपलं’ ही ऐकलेली असतात. म्हणून या वयाच्या पुस्तकात अनुस्वार असलेली बोली रूपे वापरणारा प्रकाशक मुलाचा विचार करतो असे समजावे. विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात घरची बोली वेगळी असेल तर वाचताना पालकांनी बेलाशक शब्द बदलावेत. चित्रपुस्तक म्हणजे शाळेचा धडा नव्हे.

भाषांतरित पुस्तकात आणखी एक पाहावे. इंग्रजी वाक्याच्या ठेवणीवर मराठी शब्द बसवले असतील तर वाक्य वाचताना जीभ अडखळते. ‘तो आपल्या छोट्याशा निळ्या टोपीसह बाहेर गेला’ असे कोणतेही आजोबा बोलत नाहीत, ते ‘निळी टोपी घातली आणि निघाला’ म्हणतात. यमक जुळवण्यासाठी वाक्याची ओढाताण केलेली कविताही अशीच कानाला खटकते. चांगले भाषांतर कळण्याची खूण एकच: ते वाचताना मूळ भाषा आठवत नाही.

छपाईचा दर्जा पाहण्यासाठी यंत्रांची माहिती लागत नाही, पण काय घडते ते ठाऊक असले की नजर तयार होते. रंगीत ऑफसेट छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार रंग वेगवेगळ्या पट्ट्यांवरून एकावर एक छापले जातात. चारही रंग बरोबर एकाच जागी बसले तर चित्र स्वच्छ येते. एखादा रंग केसभर सरकला की चित्राच्या कडेला लाल किंवा निळी सावली दिसते, माणसाचे ओठ दोनदा काढल्यासारखे वाटतात आणि पांढऱ्या अक्षरांच्या कडा रंगीत होतात. हे पाहायला सर्वांत सोपी जागा म्हणजे गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरे. ती धारदार असतील तर छपाई नीट झाली आहे. दुसरी जागा म्हणजे प्राण्यांचे डोळे आणि बोटांची नखे. तिथे चौकोनी दाणे दिसले तर चित्र लहान आकाराचे उचलून मोठे करून छापले आहे. बहुधा ते कुठल्या तरी संग्रहातून किंवा इंटरनेटवरून घेतलेले असते. ज्या प्रकाशकाने चित्रकाराकडून चित्र करून घेतले आहे, त्याच्या पुस्तकात हे सहसा होत नाही.

देवनागरीची छपाई वेगळी तपासावी लागते. शिरोरेघ सलग आहे का, दोन अक्षरांमध्ये ती तुटते का, वेलांटी आणि मात्रा शेजारच्या अक्षराला चिकटली आहे का, अनुस्वार चित्राच्या रंगात बुडाला आहे का, हे पाहावे. अनेक भाषांत एकाच वेळी निघणाऱ्या पुस्तकांत मराठीच्या खास खुणा हुकतात. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘बिचाऱ्या’ यांतला अर्धा र शब्दात नीट बसवलेला असावा, तो रफारासारखा वरच्या बाजूला चढलेला नसावा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने प्रमाण ठरवलेला पाकळीचा ल आणि देठाचा श मराठी पुस्तकात दिसायला हवा. हिंदी वळणाचा ल म्हणजे चूक नव्हे. पण मजकूर मराठी माणसाच्या नजरेखालून शेवटी गेला नसावा, अशी शंका त्यावरून येते. अक्षरे एवढी मोठी असावीत की मांडीवरच्या मुलाच्या डोक्यावरून पाहत आजीला चष्म्याशिवायही वाचता यावे. साधारण अठरा ते चोवीस पॉइंटांत हे साधते. मजकूर भरगच्च चित्रावर छापलेला नसून मोकळ्या जागेत असेल तर फारच बरे.

कागदाच्या बाबतीत दुकानात ‘जाड’ आणि ‘पातळ’ एवढेच बोलले जाते, पण कागदाचे वजन त्याच्या जीएसएमवरून कळते, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅमचा आहे यावरून. शाळेची बरीच पुस्तके ७० ते ८० जीएसएमच्या मॅपलिथो कागदावर छापली जातात. त्यावर गडद रंग छापला तर मागच्या पानावर सावली उमटते आणि दोन वर्षांच्या मुलाच्या हातात पान टिकत नाही. चित्रपुस्तकाला निदान १३० जीएसएमचा आर्ट पेपर असावा. पुठ्ठ्याच्या पुस्तकाची पाने ३५० जीएसएम किंवा त्याहून जाड कागदाचे दोन थर चिकटवून केलेली असतात. त्या पुस्तकाचे कोपरे गोल कापलेले असावेत. चौकोनी कोपरा चेहऱ्याला लागतो आणि चावला की तिथूनच थर सुटू लागतात. पान हातात घेऊन थोडे वाकवावे. कडेला थर वेगळे होताना दिसले तर ते पुस्तक घरी आठवडाभरही टिकणार नाही. तकतकीत लॅमिनेशनवर दिव्याचा उजेड चमकतो आणि चित्र दिसत नाही. मंद लॅमिनेशन डोळ्यांना बरे वाटते, पण त्यावर हळदीच्या हाताचे डाग जास्त बसतात. जेवताना पुस्तक पाहणाऱ्या मुलासाठी तकतकीत निवडणे व्यवहाराचे ठरते.

बांधणी कशी टिकते, हे पुस्तक मधोमध उघडून कळते. १६ किंवा २४ पानांचे पातळ पुस्तक बहुतेक वेळा मध्यभागी दोन पिना मारून बांधलेले असते. ही पद्धत चांगली आहे, कारण पुस्तक पूर्ण सपाट उघडते आणि दोन पानांवर पसरलेले चित्र मधे गिळले जात नाही. मात्र पिनांची टोके आत पूर्ण वळलेली असावीत. त्यांवरून बोट फिरवून पाहावे, टोचले तर दुसरी प्रत मागावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर या पिना गंजतात आणि मधल्या पानावर तांबूस डाग पडतात. ते टाळायचे तर पुस्तके बंद कपाटात न ठेवता हवेशीर ठेवावीत. पाठीला फक्त गोंद लावून चिकटवलेले पुस्तक लहान मुलासाठी टाळावे. ते पूर्ण उघडले की पाठीत तडा जातो, आणि दोन वर्षांचे मूल पुस्तक पूर्ण उघडल्याशिवाय राहत नाही. पाने शिवलेली असतील तर अर्थातच सर्वांत उत्तम, पण स्वस्त बालपुस्तकांत ते क्वचित मिळते.

प्रकाशकाची पारख पुस्तकाच्या आतल्या तपशिलाच्या पानावर होते. ते पान कोणी वाचत नाही, पण तिथे सर्व काही लिहिलेले असते. सर्वप्रथम चित्रकाराचे नाव शोधावे. चित्रपुस्तकाचा निम्मा लेखक चित्रकार असतो. त्याचे नाव मुखपृष्ठावर असेल तर प्रकाशकाला चित्रपुस्तक म्हणजे काय हे समजते. नाव फक्त आत असेल तरी चालेल. कुठेच नसेल तर चित्रे कुठून आली हा प्रश्न उरतो. त्यानंतर भाषांतरकाराचे नाव, मूळ भाषा, पहिल्या आवृत्तीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणांची वर्षे पाहावीत. अनेकदा पुन्हा छापलेले पुस्तक मुलांनी उचलून धरलेले असण्याची शक्यता मोठी असते. आयएसबीएन क्रमांकावरून दर्जा ठरत नाही. भारतात तो सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो आणि तो कोणत्याही पुस्तकावर असू शकतो.

मराठी चित्रपुस्तकांत वर्षानुवर्षे सातत्याने काम केलेले प्रकाशन म्हणून पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाचे नाव आधी घ्यावे लागते. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके तिथून आली आहेत. त्या लेखिकाही आहेत आणि चित्रकारही, आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आहेत. त्यामुळे मजकूर आणि चित्र यांतली वाटणी त्यांच्या पुस्तकांत नेमकी उतरते. ‘राधाचं घर’ ही त्यांची मालिका एका लहान मुलीच्या घरातल्या माणसांविषयी आहे, आणि यशच्या गोष्टी त्याहून थोड्या मोठ्या मुलांसाठी आहेत. ‘चित्रवाचन’ मुख्यतः चित्रे पाहत बोलण्यासाठी आहे. म्हणून मूल वाचायला शिकेपर्यंत आणि त्यानंतरही ते उपयोगी पडते. मूळ मराठीत लिहिलेली अशी पुस्तके आधी घ्यावीत आणि मग भाषांतराकडे वळावे. भाषांतरे कमी दर्जाची असतात म्हणून हे सांगितलेले नाही. घरातल्या भाषेचा ताल मूळ मराठी पुस्तकात आपोआप येतो, एवढेच कारण आहे.

बंगळूरच्या प्रथम बुक्स या ना-नफा संस्थेची पुस्तके २००४ पासून अनेक भारतीय भाषांत निघतात. ती स्वस्त असतात, चित्रकारांची नावे त्यांत ठळक असतात आणि चित्रशैलींची विविधता मोठी असते. चेन्नईचे तूलिका प्रकाशन १९९६ पासून काम करते. ते मराठीसह नऊ भाषांत पुस्तके काढते आणि त्याची चित्रे उच्च दर्जाची असतात. दिल्लीचा नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ साली स्थापन झाला. त्याच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालिकेत मिकी पटेल, जगदीश जोशी, पुलक विश्वास यांच्यासारख्या मातब्बर चित्रकारांनी काम केले आहे. किंमत अगदी थोडी असते. मात्र वेगवेगळ्या पुनर्मुद्रणांत कागद आणि रंग बदलतात, म्हणून हातात आलेली नेमकी प्रत तपासून घ्यावी. हाच नियम सर्व प्रकाशनांना लावावा. नाव चांगले असले म्हणजे प्रत्येक प्रत चांगली निघते असे नाही.

हे सर्व एका उदाहरणात लावून पाहू. सव्वादोन वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक घ्यायचे आहे. ती दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलते, पाने एकेक करून उलटते, क्वचित फाडते. काउंटरवर तीन पुस्तके आहेत. पहिले जाड पुठ्ठ्याचे ‘प्राणी’, दर पानावर चार प्राणी आणि त्यांची नावे, चित्रकाराचे नाव नाही. वाघ आणि मांजर एकाच आकाराचे आहेत, डोळ्यांशी चौकोनी दाणे दिसतात आणि कोपरे मात्र गोल आहेत. दुसरे २४ पानांचे भाषांतरित पुस्तक, पिनांचे, आर्ट पेपरवर, उत्कृष्ट चित्रांचे. पण दर पानावर सहा-सात ओळी आणि गोष्टीत दोन दिवसांचा काळ उलटतो. तिसरे १६ पानांचे, पहिल्या पातळीचे, दर पानावर एक वाक्य. एक मूल हरवलेली चप्पल घरभर शोधते, दर पानावर ‘इथे नाही’ असे येते आणि चप्पल कोपऱ्यात दिसत असते. शिरोरेघ सलग आहे, अक्षरे मोठी आहेत, चित्रकाराचे नाव मुखपृष्ठावर आहे. कागद मात्र थोडा पातळ आहे.

पहिले पुस्तक ही मुलगी दहा महिन्यांपूर्वी घेण्याजोगते होते. आता ती त्यातले प्राणी दोन दिवसांत संपवील आणि पुस्तकात बोलण्यासारखे काही उरणार नाही. दुसरे दीड-दोन वर्षांनी घ्यावे. आजच घ्यायचे तर मजकूर बाजूला ठेवून नुसती चित्रे पाहता येतील, आणि तेही वाईट नाही. घ्यावे तिसरे. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे वाक्य ती आठवड्यात म्हणू लागेल आणि कोपऱ्यातली चप्पल आईच्या आधी दाखवील. पातळ कागद ही त्याची उणीव खरी आहे. पाठीवर आणि पानांच्या खालच्या कोपऱ्यांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि पहिले काही आठवडे शेजारी बसून पान उलटायला मदत केली, की ती भरून निघते. मजबूत पण रिकामे पुस्तक आणि नाजूक पण जिवंत पुस्तक यांत निवड करायची वेळ आली तर या वयात नाजूकच घ्यावे.

हे सर्व पुस्तक हातात घेतल्यावरच जमते, म्हणून शक्य असेल तिथे दुकानात जावे. पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या अक्षरधारामध्ये आणि दादरच्या आयडियलमध्ये मराठी पुस्तके पाहून घेता येतात. लहान गावांत पुस्तक प्रदर्शन लागते तेव्हा तिथे बालपुस्तकांचे टेबल असते. संध्याकाळची गर्दी टाळून सकाळी गेले तर पाने उलटायला वेळ मिळतो. ऑनलाइन घेताना आतली निदान दोन पाने दिसल्याशिवाय मागणी नोंदवू नये. बुकगंगासारख्या ठिकाणी काही पुस्तकांची आतली पाने पाहता येतात. त्यात मजकुराच्या ओळी मोजाव्यात, पानसंख्या आणि आकार पाहावा आणि चित्रकाराचे नाव शोधावे. कागद, पिना आणि रंग पडद्यावर कळत नाहीत, म्हणून नव्या प्रकाशकाचे एकच पुस्तक आधी मागवावे. वर्णनात वयोगट ‘० ते ८’ असा दिलेला असेल तर वय ठरवलेलेच नाही असे समजावे.

महाराष्ट्राबाहेर आणि परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पुस्तके मिळवणे अवघड आणि टपालखर्च जास्त असतो. त्यांच्यासाठी प्रथम बुक्सचे २०१५ पासून चालू असलेले स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ फार उपयोगी आहे. storyweaver.org.in वर मराठी भाषा आणि पातळी १ निवडली की पुस्तके वाचता आणि उतरवून घेता येतात. तिथल्या परवान्यानुसार श्रेय ठेवून ती छापायलाही मुभा आहे. तिथे कोणालाही भाषांतर करता येते, म्हणून मराठीचा दर्जा एकसारखा नसतो. मोठ्याने वाचण्याची कसोटी इथे आधी लावावी आणि मगच छापावे. अरविंद गुप्ता यांच्या arvindguptatoys.com या संकेतस्थळावरही मराठीतली पुष्कळ बालपुस्तके विनामूल्य आहेत. निवडलेले पुस्तक जवळच्या छपाईच्या दुकानात १७० जीएसएमच्या कागदावर रंगीत छापून, मध्यभागी पिना मारून घ्यावे. पानांची संख्या चारच्या पटीत असेल तरच पिनांची बांधणी नीट बसते. ती तशी नसेल तर शेवटी कोरी पाने जोडावीत. त्यांवर मूल काहीतरी काढीलच.

ज्या प्रकाशकांची पुस्तके घरात फाटेपर्यंत वाचली गेली, त्यांना चार ओळी लिहून कळवावे आणि पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची, मूळ मराठी गोष्टींची पुस्तके मागावीत. या वयासाठी मराठीत आज सर्वांत जास्त उणीव त्याच प्रकारच्या पुस्तकांची आहे.